टाच उचलताना पोटरीला खरेच कमी बल लागते का?

“टाच उचलताना पायाची तरफ दुसऱ्या प्रकारची, म्हणजे टेकू आणि बल यांच्यामध्ये भार असलेली असते, म्हणून पोटरीला शरीराच्या वजनापेक्षा कमी बल लागते ना?”

नाही. दंडाच्या व्यायामाचा हिशेब सरळ आहे: द्विशिर स्नायू कोपरापासून साधारण 4 सेंमीवर जोडलेला आणि हातातले 5 किलोचे डंबेल 36 सेंमीवर, म्हणून स्नायूला त्याच्या नऊपट, म्हणजे 45 किलोभाराइतके ओढावे लागते. पायात मात्र फसगत होते, कारण चवडा टेकू मानून घोट्यावर केवळ शरीराचे वजन धरले जाते. वास्तविक पोटरी नडगी-मांडीच्या हाडांनाच जोडलेली असल्याने टाच वर ओढताना ती घोट्यावर तेवढाच दाब खालीही देते. चवडा घोट्यापासून 12 आणि टाचेची कंडरा 5 सेंमीवर धरली, तर एका पायावर उभ्या 60 किलोच्या माणसाच्या कंडरेवर वजनाच्या 12/5 पट, म्हणजे सुमारे 144 किलोभार ताण येतो.