बीसीजीचा व्रण उमटला नाही, तर लस पुन्हा टोचावी का?

बाळ साडेतीन महिन्यांचे झाले, पेंटाव्हॅलेंटचा तिसरा डोसही झाला, आणि आंघोळ घालताना आजीच्या लक्षात येते की डाव्या दंडावर बीसीजी या क्षयरोगावरच्या लसीची खूणच नाही. स्वतःच्या दंडावरचा ठसठशीत व्रण आयुष्यभर पाहिलेल्या पिढीला साहजिकच वाटते की लस ‘उठली’ नाही, म्हणजे ती लागू पडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आणि आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातील सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत: लस दिल्याची नोंद असेल, तर केवळ व्रण नाही म्हणून ती पुन्हा देण्याची गरज नाही. असे का, हे समजण्यासाठी तो व्रण मुळात कशाचा असतो ते पाहावे लागते.

बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे. गुरांना क्षय करणाऱ्या जंतूची कॅल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1908 पासून तेरा वर्षे, सुमारे 230 वेळा, पुनःपुन्हा वाढ केली आणि त्यातून रोग निर्माण करण्याची शक्ती हरवलेला जंतू मिळवला. 1921 मध्ये तो प्रथम एका नवजात बाळाला देण्यात आला. हे दुबळे जंतू त्वचेच्या आतल्या थरात सोडले की तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात, काही आठवड्यांत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्या जागी गोळा होतात आणि त्यांच्या झटापटीतून आधी बारीक गाठ आणि मग उथळ जखम तयार होते. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांनी लालसर पुळी दिसते, पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती 4 ते 8 मिलिमीटरची होते, कधी फुटून थोडा पाझर येतो, आणि एकूण सहा ते बारा आठवड्यांत ती आपोआप भरून मागे गोल खळगा राहतो. म्हणून सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाला आलेल्या बाळाच्या दंडावर व्रण शोधणे घाईचे ठरते. त्या वेळी तेथे पुळी असू शकते, कोरडी खपली असू शकते किंवा काहीच नसू शकते.

व्रण हा जंतू नेमके कोठे पडले, किती पडले आणि त्या जागची त्वचा कशी प्रतिसाद देते, यांवर अवलंबून असतो. आपल्याकडे एक महिन्यापर्यंतच्या बाळाला 0.05 मिलिलिटर म्हणजे जेमतेम एक थेंब लस दिली जाते, कारण नवजात बाळाची त्वचा इतकी पातळ असते की त्याहून अधिक द्रव सोडल्यास तो खाली उतरून गळू होण्याचा किंवा काखेतील गाठी सुजण्याचा धोका वाढतो. सुई त्वचेला जवळजवळ समांतर धरून एवढासा द्रव त्वचेच्या आतच सोडायचा असतो. तसे जमले की टोचल्याक्षणी संत्र्याच्या सालीसारखी रंध्रे दिसणारा, सुमारे पाच मिलिमीटरचा पांढरट फुगवटा येतो आणि अर्ध्या तासात विरतो. सुई थोडी खोल गेली की लस त्वचेखालच्या चरबीत पडते आणि फुगवटा येत नाही. सुईचे तोंड पूर्ण आत गेले नाही तर थेंबातला काही भाग बाहेर गळतो. हुंदके देत हात झाडणाऱ्या बाळाच्या दंडावर हे काम करणाऱ्या परिचारिकेचे कौशल्य आपण फारसे लक्षात घेत नाही.

लसीची स्थितीही महत्त्वाची असते. सुकवलेल्या पुडीच्या रूपात आलेली ही लस सलाइनमध्ये कालवल्यानंतर चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते. प्रकाश आणि उष्णता यांनी त्यातील जिवंत जंतू मरतात. लस कोणत्या वाणाची आहे यावरही व्रणाचे प्रमाण बदलते. जगभर वापरात असलेले वाण एकाच मूळ जंतूपासून आले असले, तरी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वाढवल्यामुळे त्यांच्यात फरक पडले आहेत, आणि डॅनिश वाणाने रशियन वाणापेक्षा अधिक मुलांना व्रण उठतो असे दिसून आले आहे. शिवाय दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत स्थानिक प्रतिक्रिया मंद असू शकते. हे सगळे नीट असले तरी सुमारे दहा टक्के मुलांत व्रण उमटत नाही.

आता खरा प्रश्न असा, की व्रण नसलेल्या बाळात संरक्षणही नसते का. भारतात झालेल्या छोट्या अभ्यासांत अशा बाळांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्षयजंतूंच्या प्रथिनांना प्रतिसाद देतात का हे तपासले गेले, तेव्हा व्रण नसलेल्या बहुतेक बाळांत पेशींचा प्रतिसाद तयार झालेला आढळला. म्हणजे दंडाच्या त्वचेवर घडलेली गोष्ट आणि शरीरभर तयार झालेली स्मृती यांची सांगड पक्की नाही. बीसीजीचे मुख्य काम लहान मुलांना क्षयाचा मेंदूज्वर आणि शरीरभर पसरणारा क्षय यांपासून वाचवणे हे आहे. ठळक व्रण असलेल्या प्रौढालाही फुप्फुसाचा क्षय होऊ शकतो. काही जण अशा बाळाची, क्षयजंतूंची प्रथिने त्वचेत टोचून करायची ट्युबरक्युलिन चाचणी करून घेतात, पण लसीनंतरच्या त्या चाचणीतील फुगवट्याच्या आकारावरूनही संरक्षण मोजता येत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथील अभ्यासांत, लस मिळालेल्या मुलांपैकी व्रण असलेल्यांमध्ये बालमृत्यूचे प्रमाण कमी दिसले. पण ज्या बाळाला व्रण उठतो ते मुळातच अधिक सुदृढ असू शकते किंवा त्याला लस अधिक नेमकेपणाने टोचलेली असू शकते, त्यामुळे या निरीक्षणावरून दुसरी मात्रा द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या मात्रेबद्दलचा मोठा पुरावा ब्राझीलमधला आहे. तेथे दोन लाखांहून अधिक शाळकरी मुलांवरील चाचणीत पुन्हा दिलेल्या बीसीजीने क्षयापासून लक्षणीय जादा संरक्षण मिळाले नाही. व्रण न उठलेल्या बाळांना पुन्हा लस देण्याची पद्धतही त्या देशात होती; ती 2019 मध्ये थांबवण्यात आली.

सुरुवातीच्या बाळाकडे वळू. समजा, ते छत्तिसाव्या आठवड्यात जन्मले आणि दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातच त्याला लस दिली. पहिली पायरी म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड उघडून बीसीजीसमोर तारीख लिहिली आहे का ते पाहणे. तारीख असेल तर उजेडात दंड नीट न्याहाळावा, त्वचा हलकेच ताणून पाहावी, कारण दोन मिलिमीटरचा फिकट खळगा सहज नजरेतून सुटतो. उजवा दंडही पाहावा. त्यानंतरही काही दिसले नाही, तर कार्डावरची नोंद पुरेशी मानावी आणि पुढचे लसीकरण ठरल्या वेळी चालू ठेवावे. दुसरी मात्रा दिल्यास आधीच ओळख झालेले शरीर अधिक लवकर आणि अधिक जोरात प्रतिक्रिया देऊ शकते, आणि त्या बदल्यात हाती काही लागत नाही.

व्रणाला अर्थ येतो तो नोंद नसते तेव्हा. कार्ड हरवले असेल, रुग्णालयाच्या कागदांतही उल्लेख नसेल आणि दंडावर खूणही नसेल, तर बाळाला लस मिळालीच नाही असे धरले जाते आणि सरकारी कार्यक्रमात एक वर्ष पूर्ण होईपर्यंत ती दिली जाते. डावाच दंड ठरवण्यामागेही हेच कारण आहे, की पाहणी करणाऱ्याला खूण एकाच ठिकाणी शोधता यावी. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, तर बालरोगतज्ज्ञ त्याचे वय आणि घरात क्षयाचा रुग्ण आहे का हे पाहून निर्णय घेतात.

व्रण नसण्यापेक्षा काळजीने पाहाव्यात अशा गोष्टी वेगळ्या आहेत. डाव्या काखेतील गाठ मोठी होत जाणे किंवा मऊ पडून तीत पू होणे, जखम तीन महिन्यांनंतरही न भरणे, किंवा टोचल्यानंतर अवघ्या काही दिवसांतच पुळी उठून वेगाने फुटणे, यांपैकी काही दिसल्यास बाळाला डॉक्टरांना दाखवावे. शेवटच्या प्रकारात बाळाला आधीच क्षयजंतूंचा संसर्ग झालेला असू शकतो, म्हणून घरातील खोकणाऱ्या माणसांचीही तपासणी करावी लागते. एरवी पाझरणाऱ्या पुळीवर हळद, मलम किंवा पट्टी काहीही लावू नये. ती स्वच्छ आणि कोरडी ठेवली की पुरते.