तिळाच्या बायोप्सीचा रिपोर्ट वाचणे

काढलेल्या तिळाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून पॅथॉलॉजिस्ट जो लेखी निष्कर्ष देतो, तो बायोप्सी रिपोर्ट. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून असा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत बहुधा नागपूर किंवा सेवाग्रामला जातो आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. घरचे लोक आधी ‘मार्जिन’ची ओळ शोधतात. पण निदानाची ओळ वाचल्याशिवाय मार्जिनचा अर्थ लागत नाही.

निदानात ‘डिस्प्लास्टिक नीव्हस’ असेल तर तो कर्करोग नव्हे. नीव्हस म्हणजे तीळ. त्यातल्या रंगपेशींची ठेवण आणि आकार बिघडलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. बिघाड माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर, हेही लिहिलेले असते. ‘मेलानोमा इन सिटू’ हा मात्र रंगपेशींचा कर्करोगच, पण अगदी पहिल्या पायरीचा. त्वचेचा वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. इन सिटूमध्ये रोगट पेशींनी तो ओलांडलेला नसतो. रक्तवाहिन्या पडद्याखाली असल्याने रोग शरीरात पसरण्याची वाट अजून उघडलेली नसते.

मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड. ‘इन्व्हॉल्व्ड’ म्हणजे त्या पेशी कडेपर्यंत पोचल्या आहेत, ‘क्लिअर’ म्हणजे कड मोकळी आहे. माइल्ड डिस्प्लास्टिक नीव्हसमध्ये कड इन्व्हॉल्व्ड असली, तरी त्या जागी डाग उरलेला दिसत नसेल तर बहुधा पुन्हा कापत नाहीत, लक्ष ठेवतात. सिव्हिअर असेल तर सहसा पुन्हा काढतात.

समजा, कापूस वेचणाऱ्या एका बाईच्या टाचेवरचा वाढणारा काळा डाग काढला. (भारतात मेलानोमा विरळाच, पण होतो तेव्हा तळपायावर बरेचदा आढळतो, काट्याची जखम समजून तो अंगावर काढला जातो.) रिपोर्टमध्ये आहे: मेलानोमा इन सिटू, लॅटरल मार्जिन इन्व्हॉल्व्ड, डीप मार्जिन क्लिअर. म्हणजे रोग खोल गेलेला दिसत नाही, पण बाजूला उरला असू शकतो. इथे थांबून चालत नाही. भोवतालची साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी दिसणारी त्वचा सोबत घेऊन पुन्हा शस्त्रक्रिया करतात.

याच बाईचा डाग पूर्ण न काढता पंच बायोप्सीने त्यातला छोटा गोल तुकडाच घेतला असता, तर कड इन्व्हॉल्व्ड असणे ओघानेच आले. अशा वेळी ‘इन सिटू’ हा शब्दही त्या तुकड्यापुरताच खरा. उरलेल्या डागात रोग खाली उतरलेला असू शकतो. म्हणून नमुना पंच, वरवर तासून घेतलेला शेव्ह की पूर्ण डाग कापून काढलेला एक्सिजन, ही वरची बारीक ओळ आधी पाहावी. ‘क्लिअर’लाही मर्यादा आहे: तुकड्याचे मोजकेच पातळ काप तपासले जातात, सगळी कड नव्हे.

शंका राहिली तर रिपोर्टच्या कागदावर दुसरे मत मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून स्लाइड आणि ज्यात तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो तो ब्लॉक मागून घ्यावा लागतो.