साडेआठची सोबत

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर माझी आत्या एकटी राहते. २०१६ साली आतोबा गेले, तेव्हापासून. रात्री साडेआठला ती टीव्ही लावते आणि त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहते. भाकरी थापायची, ताक घुसळायचं, उद्याची भाजी निवडायची, आणि मागे ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ चालू. पडद्याकडे ती क्वचितच वळते. ‘बघत नाहीस तर लावतेस कशाला?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘मला असंच फावतं,’ ती म्हणाली. तिच्या त्या उत्तरामुळे मी या मालिकेच्या मागचा इतिहास शोधायला लागलो.

सुरुवात टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा एक धागा आमच्या बडोद्यातच आहे. चि. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ घडवले. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ साली पुस्तकरूपाने आलं. प्रत्येक गोष्ट वेगळी, पण घर तेच. काऊ, मोरू, मैना आणि दाराशी उभा धिप्पाड गुंड्याभाऊ. मागच्या गोष्टीत केवढाही गोंधळ झालेला असला, तरी पुढची गोष्ट सुरू होताना घराची घडी पुन्हा नीट बसलेली असे. १९७०च्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनने त्यावर मालिका केली, तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

गुजरातीत अशीच वाट तारक मेहतांनी धरली. १९७१ पासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात त्यांचं सदर येऊ लागलं. त्यातल्या शेजाऱ्यांवरून पुढे असित मोदींनी मालिका केली आणि २८ जुलै २००८ रोजी ती सब टीव्हीवर सुरू झाली. मूळ सदर वाचकाला आठवड्यातून एकदा भेटायचं. मालिका मात्र आठवड्यातले बहुतेक दिवस, ठरल्या वेळी घरात येऊ लागली. माझ्या मते खरा बदल हाच होता. त्याआधी १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ येऊन गेली होती. ती उज्जैनचे हिंदी व्यंगलेखक शरद जोशी लिहीत आणि ती फार लाडकीही झाली, पण तिची भेट आठवड्यातून एकदाच व्हायची. एकट्या माणसाच्या संध्याकाळी मात्र रोजच येतात.

आता टीव्हीकडे पाठ करून ऐकण्याविषयी. मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीत प्रत्येक घराची बोलण्याची ढब वेगळी आहे. जेठालालची हिंदी गुजराती वळणाची, आत्माराम भिडे मास्तरांची रत्नागिरीकडच्या मराठी माणसाची, अय्यरची तमिळ, बबिताची बंगाली, सोढीची पंजाबी. त्यामुळे कोण आलं ते कळायला मान वळवावी लागत नाही. ‘हे माँ, माताजी’ ऐकू आलं की दया, ‘हमारे जमाने में’ म्हटलं की भिडे, आणि ‘दुनिया हिला दूंगा’ म्हटलं की छत्रीवाला पोपटलाल. शिवाय घडतं ते बहुतेक बोलण्यातूनच. एखादी अडचण आली की ती एक शेजारी दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि एकच प्रसंग दोन-तीन दिवस पुरतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत चार वाक्यं हुकली तरी काही बिघडत नाही. या संथपणाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पोळपाटापाशी उभ्या असलेल्या बाईला मात्र तोच सोयीचा आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि भिडे मास्तर! शिकवण्या घेणारा, पै-पैचा हिशोब ठेवणारा, गुजराती शेजाऱ्यांशी भांडत-जुळवून घेत राहणारा मराठी माणूस. बडोद्याच्या मराठी घरांना तो नवा नाही. आत्याच्या लहानपणी रावपुऱ्यात त्यांच्या शेजारी असेच एक मास्तर राहत. ती भिडेला ‘आपले मास्तर’ म्हणते.

पडद्यावरच्या माणसांशी असं नातं जडतं, हे अभ्यासकांनीही पूर्वीच टिपलं आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकांविषयी एक लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: निवेदक ठरल्या वेळी हमखास येतो, म्हणून त्याची वाट पाहता येते आणि दिवसाच्या कामांत त्याला जागा करून देता येते. पुढे २००९ साली जेय डेरिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत दिसलं, की लोकांना एकटेपणा कमी झाल्यासारखा वाटतो तो आपल्या आवडत्या, ओळखीच्या कार्यक्रमाने. जे समोर लागेल ते पाहून तसं होत नाही. म्हणजे नुसता आवाज पुरत नाही, ओळखीचा आवाज लागतो.

ओळखीचा आवाज गेला की काय होतं, तेही आत्याकडे दिसलं. २०१७ मध्ये दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी मालिकेतून बाहेर पडल्या. २०१८ मध्ये डॉक्टर हाथींचे कवी कुमार आझाद वारले, २०२१ मध्ये नट्टू काकांचे घनश्याम नायक. दयाचा आवाज बंद झाल्यावर आत्या काही आठवडे वळून वळून पडद्याकडे बघायची. पार्श्वभूमीला असलेली मालिका तेवढे दिवस पार्श्वभूमीला राहिली नव्हती.

मग टाळेबंदी आली. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली आणि नवे भाग पुन्हा यायला जुलै उजाडला. मधल्या काळात जुने भाग होते. दया त्यांत परत आली म्हणून आत्याला आधी बरंच वाटलं. त्याच दिवसांत भावाने तिला फोनवर जुने भाग लावून दिले. एक संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. ती सकाळी सातला लावायची आणि रात्री उशाशी तोच फोन चालू असायचा. दूधवाला दोनदा बेल वाजवून परत गेला, तिला ऐकूच आलं नाही. फोनवर मी विचारलं, ‘आज काय झालं गोकुळधाममध्ये?’ तर तिला सांगता येईना. ‘चालू होतं काहीतरी,’ म्हणाली. झोपही तुटक लागत होती.

मला धास्ती वाटली ती त्या ‘काहीतरी’ने. साडेआठचा भाग नऊला संपायचा. संपल्यावर घरात शांतता व्हायची, आणि त्या शांततेतच ती मला फोन करायची. दिवसभर न संपणाऱ्या भागांनी ती नऊची वेळच खाऊन टाकली होती. सोबतीला येणारं माणूस जातंही, म्हणून त्याच्या येण्याची वाट पाहता येते. हे तर जाईचना.

दिवाळीत मी बडोद्याला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी बसून बदल केला. फोनवरचं आपोआप पुढे जाणं बंद केलं. दुपारी जेवताना एक जुना भाग, तोही दयाच्या काळातला, आणि रात्री साडेआठला टीव्हीवरचा. बाकीचा वेळ रेडिओ, नाहीतर खिडकीतून येणारा बाजाराचा आवाज. पहिला आठवडा तिला जड गेला. दोनदा तिने दुपारीच फोन करून ‘घर फार गप्प आहे रे’ म्हटलं, आणि आम्ही बोलत बसलो.

आता नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन येतो. परवाही आला. ‘अरे, मास्तरांची सखाराम स्कूटर पुन्हा बंद पडली,’ तिने सुरुवात केली, आणि ती कुठे बंद पडली, ढकलायला कोण आलं, जेठालाल काय म्हणाला, सगळं क्रमाने सांगितलं.