५२ वजा २७ बरोबर ३५? सहामाहीच्या आधी आईबाबांसाठी

तिसरीतल्या मुलाच्या गणिताच्या पेपरात ५२ – २७ अशी वजाबाकी आहे आणि त्याने उत्तर लिहिलंय ३५. आदल्या संध्याकाळी घरी त्यानेच अशा वजाबाक्या बरोबर सोडवल्या होत्या. पेपर हातात आला की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘येत होतं ना तुला? मग पेपरात काय झालं?’ मूल गप्प बसतं, कारण काय झालं ते त्यालाही माहीत नसतं. ‘लक्ष नव्हतं’, ‘धांदरटपणा’ असा निकाल मग आपणच लावून टाकतो. खरं तर काय झालं असावं, हे बऱ्यापैकी सांगता येतं. ते कळलं तर परीक्षेच्या आधीची संध्याकाळ कशी घालवायची, हेही आपोआप ठरतं.

आपल्याला ही वजाबाकी सोपी वाटते, कारण ती आपल्या हाताला बसलेली आहे. आठ वर्षांच्या मुलाला मात्र एकेक पायरी चढावी लागते. दोनातून सात जात नाहीत. म्हणून पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा. आता दशक राहिले चार, हे लक्षात ठेवायचं. एककाच्या घरात झाले बारा. बारातून सात गेले, उरले पाच. ते लिहायचे. मग मागे वळून आठवायचं, की दशक पाच नाहीत, चार आहेत. चारातून दोन गेले, उरले दोन. उत्तर पंचवीस.

या सगळ्यात तो ‘चार’ काही सेकंद नुसताच मनात धरून ठेवावा लागतो आणि त्याच वेळी बारातून सात वजा करायचे असतात. माहिती क्षणभर धरून ठेवत तिच्यावर काम करणाऱ्या मेंदूच्या या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, तिच्यावरच आजचं बरंचसं संशोधन उभं आहे. कार्यस्मृती म्हणजे एक छोटीशी पाटी समजा. नवं काही लिहायचं तर जुनं पुसावं लागतं. मोठ्यांचीही ही पाटी फार मोठी नसते. लहान मुलांची त्याहून लहान असते आणि वयाबरोबर हळूहळू वाढते.

मराठी मुलाच्या पाटीवर आणखी एक ओझं असतं. बावन्न म्हणताना आधी दोन येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! पुस्तकाच्या बाजूने की विरोधात, तो वाद बाजूला ठेवू. अडचण खरी होती, एवढं मात्र नक्की.

आता याच पाटीवर काळजी येऊन बसते. ‘चुकलं तर?’ ‘बाबा काय म्हणतील?’ ‘शेजारच्याचं झालंसुद्धा.’ काळजी ही नुसती भावना नसते. ती मनात बोलत राहते आणि बोलायला जागा घेते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एमआरआय यंत्रात साधी गणितं सोडवायला देऊन स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विनोद मेनन यांच्या गटाने २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांना गणिताची धास्ती जास्त होती, त्यांच्या मेंदूतला अमिग्डला, म्हणजे भीतीशी जोडलेला भाग, अधिक सक्रिय होता. हिशेबाला आणि विचार धरून ठेवायला लागणारे भाग मात्र कमी सक्रिय होते. अशा अवस्थेत पाटीवरून तो ‘चार’ पुसला जातो. मूल बारातून सात बरोबर वजा करतं, पाच लिहितं आणि दशकाकडे वळतं. तिथे कागदावर पाचच दिसतात. पाचातून दोन गेले, तीन. उत्तर पस्तीस.

आश्चर्य वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. जेरार्डो रामिरेझ, शियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. धास्तीचा आणि गणितातल्या कमी गुणांचा संबंध सगळ्या मुलांत सारखा दिसला नाही. ज्यांची कार्यस्मृती चांगली, त्यांच्यातच तो ठळक होता. याचं संशोधकांनी दिलेलं स्पष्टीकरण असं, की ही मुलं बोटांवर मोजत बसत नाहीत. उत्तर आठवून किंवा मनात फिरवून काढतात. म्हणजे त्यांची सगळी भिस्त पाटीवर. पाटी अडली की तेच जास्त अडतात. ‘एवढं हुशार आहे आणि पेपरातच कसं घसरतं?’ या तक्रारीमागे कधी कधी हे असतं. हा अभ्यास संबंध दाखवतो, कारण पक्कं सिद्ध करत नाही. पण ‘हुशार मुलाला थोडं दडपण चांगलंच’ हा आपला लाडका समज ठेवायला तो फारशी जागा देत नाही.

तरीही प्रत्येक ‘पस्तीस’ काळजीमुळेच आलेला असतो असं नाही. काही मुलं लहान अंक मोठ्यातून वजा करून मोकळी होतात: सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. उत्तर पुन्हा पस्तीसच! इथे मुलाला दशक सुटा करणंच समजलेलं नसतं. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास केला होता. मुलं वाटेल तसं चुकत नाहीत. बऱ्याचदा एक चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळतात, हे त्यातून दिसलं.

दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचत असतील, तर फरक ओळखायचा कसा? घरी निवांत वेळी, कुकरच्या शिट्ट्या होत असताना म्हणा, फक्त एक अंक बदलून विचारा: ५२ – २८. बरोबर उत्तर २४. मुलाने ३४ सांगितलं, तर दशक सुटा केला पण कमी करायचा राहिला. ३६ सांगितलं, तर आठातून दोन वजा केले. म्हणजे मूळ कल्पनाच कच्ची आहे. ती परीक्षेच्या आदल्या रात्री रागावून पक्की होणार नाही. त्यासाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे घेऊन, एक सोडवून दाखवत, सुट्टीत बसावं लागेल. आणि उत्तर पटकन २४ आलं, तर मुलाला येतंय. पेपरात पाटीवरची जागा अपुरी पडली, एवढंच. अर्थात एका गणितावरून काही ठरवू नका. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार विचारून बघा. ‘कसं केलंस, सांग बरं’ असं कुतूहलाने म्हटलं, तर मूल स्वतःच बोलत बोलत सगळं उघड करतं.

पाटी मोठी करणं आपल्या हातात नाही. तिच्यावरचं ओझं कमी करणं मात्र आहे. पाचावर काट मारून वर बारीक चार लिहिला, तर तो लक्षात ठेवावा लागत नाही. कच्चं काम समासात केलं तरी तेच. ‘तिसरीत गेलास, अजून बोटं मोजतोस?’ हे वाक्य निदान या आठवड्यात तरी नको. बोटं म्हणजे पाटीला जोडलेली जास्तीची जागा आहे. काही घरांत ‘सगळं मनात कर’ असा आग्रह धरतात, त्याचं मला नेहमी नवल वाटतं. आपण स्वतः किराण्याची यादी कागदावर लिहितोच की.

आता जरा अवघड गोष्ट. काळजी घरातून कशी येते, यावर एरिन मलोनी आणि सहकाऱ्यांचा २०१५ मधला अभ्यास आहे, पहिली-दुसरीतल्या मुलांचा. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षअखेर त्यांची धास्तीही जास्त होती. तशाच धास्तावलेल्या पण गृहपाठात फारसं न पडणाऱ्या पालकांच्या मुलांत हे दिसलं नाही. वाचनाच्या बाबतीतही दिसलं नाही. म्हणजे अडचण मदतीत नाही, मदत करताना आवाजात, श्वासात, ‘अरे पुन्हा तेच!’ मध्ये जे उतरतं त्यात असावी. तुम्हाला गणित घेताना चिडचिड होत असेल, तर ते काम आजीकडे, मामाकडे, मोठ्या ताईकडे द्या. तुम्ही मराठीचा धडा ऐका. ही जबाबदारी टाळणं नव्हे.

आदल्या संध्याकाळचंही याच हिशेबात बसतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, असं झोपेच्या तज्ज्ञांचं मत आहे. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी लक्ष टिकत नाही, पाटी आणखी आखूड होते. रात्री दहा ते अकरा उजळणी करून मिळतं त्यापेक्षा सकाळी जातं जास्त. उजळणी करायचीच, तर पुस्तक मिटून, संध्याकाळी, गप्पांसारखी करा: ‘आज मला तू शिकव, पाण्याची वाफ कशी होते?’ आठवून सांगितलेलं नुसत्या वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतं. तणावातही ते तुलनेने नीट आठवतं, असं मोठ्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात दिसलं आहे.

या पेपराचं वजन किती, तेही बघून घ्या. राज्य मंडळाच्या शाळांत २०१० पासून जी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तिच्यात पहिली-दुसरीला ७० गुण वर्गातल्या रोजच्या कामाचे, म्हणजे आकारिक, आणि ३० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. संकलितमध्येही थोडे गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. वर्गात बोलणं, उपक्रम, स्वाध्याय हे सगळं सत्रभर मोजलं गेलेलं असतं.

सकाळी पोटात दुखतंय म्हणालं, तर ‘नाटक’ म्हणू नका. तणावात शरीर संप्रेरकं सोडतं, आतड्यांची हालचाल बदलते; दुखणं खरंच जाणवतं. अशा वेळी मुलं सहसा बेंबीभोवती हात फिरवून दाखवतात आणि शाळेतून आल्यावर खेळायला जातात. थोडं कोमट पाणी, पोटावर हात, ‘होतं असं कधी कधी’ एवढं पुष्कळ. मात्र ताप असेल, सारख्या उलट्या होत असतील, दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सरकत असेल किंवा झोपेतून उठवत असेल, तर पेपर राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा. परीक्षा संपून सुट्टी लागल्यावरही पोटदुखी, झोप न लागणं किंवा शाळेचं नाव काढताच रडणं चालूच राहिलं, तर वर्गशिक्षकांशी बोला. आणि निवांतपणी, गठ्ठे हातात घेऊनही संख्या लागत नसतील, तर आठव्या वर्षाच्या आसपास गणन अक्षमतेची तपासणी करून घेता येते. सहामाहीचे गुण त्यासाठी पुरेसा पुरावा नाहीत. सोबत न्यायची असेल तर मुलाची कच्च्या कामाची वही न्या.