चुकून पडलेला आकडा आणि खरंच उसळलेला भाव: रोजच्या भावाच्या पोस्टमध्ये दोन्ही वेगळे कसे ओळखायचे

सहकारी संघासाठी रोज सकाळी सार्वजनिक फीडवरून बाजारभाव ओढून ग्रुपवर टाकायची स्क्रिप्ट लिहिली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच एखादा आकडा असा येतो की बघूनच दचकायला होतं, आणि मग सगळे हाच उपाय करतात की कालच्यापेक्षा फार वेगळं काही आलं तर ते गाळून टाकायचं. मीही तेच केलं होतं. आणि बरोबर ज्या दिवशी टोमॅटोचा भाव जवळजवळ दुप्पट झाला त्या दिवशी आमच्या पोस्टमध्ये टोमॅटोची ओळच नव्हती, एका सभासदाने माल जुन्या भावाने देऊन टाकला आणि दुपारी फोन करून विचारलं की आज भाव का नाही टाकला. त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण स्क्रिप्टने आकडा चूक समजून फेकून दिला होता आणि मला कळवलंही नव्हतं.

म्हणून या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत. एक म्हणजे चुकून पडलेला आकडा आणि दुसरी खरंच उसळलेला (किंवा कोसळलेला) भाव. नुसता आकडा बघितला तर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही कालच्यापासून लांब असतात. फरक त्या आकड्याच्या आजूबाजूला असतो.

आधी चुका कशा पडतात ते बघू, कारण चुकीला एक ठराविक वळण असतं. बहुतेक फीडमध्ये एका बाजारातल्या एका मालासाठी तीन भाव येतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, म्हणजे ज्या भावाने जास्त माल गेला तो. समजा गेल्या दहा दिवसांत टोमॅटोचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १८५० च्या आसपास आहे. आज आलं किमान १६००, कमाल २१००, सर्वसाधारण १८५००. इथे विचार करायची गरजच नाही, सर्वसाधारण भाव कमालच्या वर जाऊच शकत नाही, टाइप करणाऱ्याकडून एक शून्य जास्त पडलंय. दुसरी चूक जरा फसवी असते: किमान १६, कमाल २१, सर्वसाधारण १८.५. तिन्ही आकडे एकमेकांशी अगदी नीट जुळतात, आतून बघितलं तर काहीच खोट नाही, पण भाव क्विंटलऐवजी किलोचा भरलाय आणि म्हणून बरोबर शंभरावा भाग आलाय. चुका अशा दहापट, शंभरपट किंवा शंभराव्या भागाच्या आसपास येऊन पडतात. खरा बाजार शक्यतो अशा गोल पटीत हलत नाही.

आणि एक चूक फीडची नसतेच, आपली असते. काही फीड भाव मजकूर म्हणून पाठवतात आणि मध्ये स्वल्पविराम असतो, `"1,850"` असा. जावास्क्रिप्टमध्ये त्यावर `parseFloat` चालवलं तर उत्तर `1` येतं आणि कुठेही एरर येत नाही. त्यामुळे भाव अचानक एक-दोन-तीन असे दिसायला लागले तर बाजाराला फोन करायच्या आधी फीडचं मूळ उत्तर उघडून बघा.

आता खरी उसळी कशी दिसते. त्या टोमॅटोच्या दिवसाचं उदाहरण सोप्या आकड्यांत मांडतो. आमच्या बाजारात दहा दिवसांचा मध्य, म्हणजे भाव चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो, १८५० आणि आज सर्वसाधारण ३६००, म्हणजे १.९५ पट. किमान २८००, कमाल ४२००, म्हणजे तिन्ही भाव एकत्र वर सरकलेत. आवक आदल्या दिवशी ४२० क्विंटल होती ती आज १५०. आणि शेजारच्या दोन बाजारांत १७५० चे ३३०० झालेत, १९०० चे ३५०० झालेत, म्हणजे १.८९ आणि १.८४ पट. माल कमी आला, सगळीकडे एकाच दिशेने आणि साधारण तेवढ्याच प्रमाणात भाव चढला. ही चूक असू शकत नाही, तीन वेगळ्या बाजारांतल्या तीन वेगळ्या माणसांनी एकाच दिवशी एकाच प्रमाणात चुकीचं टाइप केलं असं होत नाही.

तर चेक करताना प्रश्न एकच ठेवायचा नाही, दोन ठेवायचे. हे अशक्य आहे का, आणि हे नेहमीपेक्षा वेगळं आहे का. अशक्य असेल तर थांबवायचं, वेगळं असेल तर माणसाला दाखवायचं. मी सगळी गडबड केली ती हे दोन प्रश्न एकात घालून. आता माझ्याकडे एवढंच आहे:

```python
from statistics import median

def tapas(kiman, sarva, kamal, june):
    if kiman <= 0 or not kiman <= sarva <= kamal:
        return "ashakya"
    if len(june) < 5:
        return "vichara"
    pat = sarva / median(june)
    if pat > 8 or pat < 1/8:
        return "ashakya"
    if pat > 1.6 or pat < 1/1.6:
        return "vichara"
    return "pathva"
```

`june` म्हणजे त्याच बाजारातल्या, त्याच मालाच्या आणि त्याच जातीच्या मागच्या दहा दिवसांचे मंजूर झालेले भाव. जात विसरू नका, कारण एकाच नावाखाली आज वेगळी जात किंवा प्रत आली तर भाव खरा असतो पण तुलना खोटी होते. फरक वजाबाकीने न काढता पटीत काढलाय, कारण १८५० वर ५०० चा फरक ही एक गोष्ट आणि ९००० च्या मालावर ५०० ही वेगळी, आणि पटीत बघितलं की वर जाणं आणि खाली येणं एकाच मापाने मोजता येतं. १.६ हा आकडा माझ्या भाजीपाल्याचा आहे, धान्याला तो फार ढिला पडेल. तुमच्या फीडचा मागचा वर्षभराचा डेटा घ्या, रोजची पट काढा, चढत्या क्रमाने लावा आणि महिन्यातून दोन-तीनदाच ओलांडली जाते अशी रेघ निवडा, म्हणजे बघणारा माणूस कंटाळणार नाही.

सरासरी न घेता मध्य का घेतला ते सांगतो, कारण इथे मी स्वतः अडकलो होतो. नऊ दिवस १८५० आणि एक दिवस चुकून १८५००० असा आकडा जुन्या यादीत शिरला तर दहा दिवसांची सरासरी होते २०१६५. दुसऱ्या दिवशी बाजारातून अगदी बरोबर १८५० येतो आणि स्क्रिप्टला तो जवळजवळ अकरा पट कमी दिसतो, म्हणजे खरा आकडा अडतो आणि चुकीचा आत बसून राहतो. मध्य मात्र १८५० च राहतो, एका वेड्या आकड्याने तो हलत नाही.

पण मध्याचीही एक अडचण आहे आणि ती खऱ्या उसळीनंतर येते. समजा ३६०० अडवला आणि जुन्या यादीत घातलाच नाही, तर मध्य १८५० वरच गोठतो आणि उद्याचा ३५५० अडतो, परवाचा अडतो, आठवडाभर अडतच राहतो, नवीन भाव कितीही दिवस टिकला तरी. यादीत घातला तरी दहा दिवसांच्या खिडकीत पाच नवीन भाव येईपर्यंत मध्य जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे पाच दिवस रोज तीच शंका येत राहते. म्हणून माणसाने एकदा ३६०० मंजूर केला की दुसऱ्या दिवशी त्या मंजूर भावाशीही तुलना करायची, त्याच्या जवळ असेल तर जाऊ द्यायचं. आणि फीडमधून आलेला मूळ आकडा कधीही पुसायचा नाही, तो वेगळ्या फाइलमध्ये तारखेसकट तसाच ठेवायचा, नाहीतर नंतर काय अडवलं आणि का अडवलं हे कळायला मार्ग उरत नाही.

काही जण म्हणतात की दोन-तीन दिवस तोच भाव आला तर तो खरा धरून टाका, माणूस कशाला हवा. मला हे पटत नाही. भाव भरणारा माणूस बदलला आणि नव्याने किलोचाच भाव भरायला सुरुवात केली तर चूक आठवडाभर रोज तशीच येते, टिकून राहणं हा खरेपणाचा पुरावा होत नाही. शेजारचे बाजार काय म्हणतात हा पुरावा जास्त भक्कम. अर्थात तोही एका ठिकाणी फसवतो: फीड चालवणाऱ्यांनीच एकक बदललं तर सगळे बाजार एकाच दिवशी एकत्र उडी मारतात आणि शेजारी शेजाऱ्याची साक्ष देतो. तेव्हा दुसरे माल बघायचे. टोमॅटो, गहू, मका, सगळेच एका रात्रीत शंभराव्या भागावर आले असतील तर ती मंदी नसते, ते एकक असतं.

आता पोस्टमध्ये काय लिहायचं. अशक्य आकडा असेल तर त्या ओळीत सरळ लिहायचं, "आज खात्रीचा भाव मिळाला नाही". कालचा भाव आजच्या तारखेखाली घालायचा नाही, तो खरा असला तरी आजचा नाही आणि त्यावर कुणीतरी गाडी भरतो. शंभराने गुणून स्वतःच दुरुस्त करायचा मोहही टाळा, १८.५ चे १८५० होतीलही, पण तो तुमचा अंदाज, बाजाराचा भाव नाही. वेगळा पण शक्य आकडा असेल तर मी पंधरा मिनिटं थांबून शेजारचे बाजार आणि आवक बघतो, आणि मला बघायला वेळ नसेल तरी तो आकडा जातोच, फक्त खाली ओळ असते: "नेहमीपेक्षा बराच वेगळा, माल काढण्याआधी बाजारात विचारून घ्या". अशा दिवशीच तर लोक ती पोस्ट उघडून बघतात.

एक चूक मात्र यातली कुठलीच गाळणी पकडत नाही. १८५० च्या जागी १५८० पडला, आकड्यांची अदलाबदल झाली, तर पट ०.८५ येते, त्या दिवशीचा किमान त्याच्याही खाली असेल तर तो किमान-कमालच्या आतही बसतो, आणि असा फरक बाजारात रोज खराही पडतो. रेघ आवळून हे पकडायला गेलात तर निम्मे खरे भाव अडतील. त्यासाठी मी प्रत्येक ओळीत सर्वसाधारण भावाशेजारी किमान आणि कमालही छापतो, आणि फीडमधली तारीखही, आपण पोस्ट टाकली ती नाही. किमान भावाला अगदी चिकटून १५८० दिसला की रोज बाजारात जाणारा सभासद लगेच विचारतो, हे कसं काय.