चार आडवा कुठे गेला?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याला आता बारीक छापलेलं वाचता येत नाही. शब्दकोडं मात्र तिने सोडलेलं नाही. कोणीतरी शोधसूत्र वाचून दाखवायचं, "एक आडवा, तीन अक्षरी" असं सांगायचं, आणि ती डोळे मिटून उत्तर शोधते. सकाळी ती ई-पेपरमधल्या कोड्याचा स्क्रीनशॉट मला पाठवते, आणि मी तिला यादी पाठवतो: आडवे शब्द कोणत्या क्रमांकाचे आणि किती अक्षरांचे, उभे कोणते आणि किती. रोज हाताने घरं मोजताना चुका व्हायला लागल्या, म्हणून हे काम करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिल्या शब्दकोड्याला अशी मोजणी लागत नव्हती. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यू यॉर्कमधल्या एका वर्तमानपत्रात ते छापलं, तेव्हा प्रत्येक सूत्रापुढे दोन आकडे होते. एक शब्द सुरू होतो त्या घराचा, दुसरा तो संपतो त्या घराचा. आज बऱ्याच कोड्यांत फक्त सुरुवातीचा आकडा छापतात. लांबी हवी असेल तर ती आकृतीतूनच काढावी लागते.

स्क्रीनशॉटमध्ये एक सोय असते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत चौकट तिरकी होते, इथे रेषा अगदी सरळ असतात. म्हणून चित्राची एकेक उभी, एका पिक्सेलएवढी पट्टी घ्यायची आणि तिच्यात गडद बिंदू किती आहेत ते मोजायचं. जिथे रेषा आहे तिथे पट्टी वरपासून खालपर्यंत गडद निघते. घरांच्या मधून जाणारी पट्टी वाटेत काळी घरं लागतील तेवढीच गडद असते. पाच बाय पाचच्या कोड्यात सारख्या अंतरावर सहा शिखरं दिसली, की पाच स्तंभ आहेत हे कळतं. ओळींसाठी हेच आडवं करायचं. घराची रुंदी मात्र पूर्णांकात धरू नये. पंधरा घरांची चौकट १०१३ पिक्सेलची असेल तर एक घर साधारण ६७.५ पिक्सेलचं होतं. आपण सरसकट ६७ धरलं तर शेवटच्या रेषेपर्यंत आठ पिक्सेल मागे पडतो आणि घराचा मध्य चुकतो.

मग प्रत्येक घराच्या मधल्या भागाचा सरासरी उजेड काढायचा. मधलाच भाग घ्यायचा, कारण डाव्या वरच्या कोपऱ्यात आकडा असतो. उजेडाचे दोन ढीग पडतात, पांढऱ्या घरांचा आणि काळ्यांचा. ई-पेपरवरची काळी घरं बऱ्याचदा राखाडी असतात, तेव्हा दोघांमधली सीमा आधीच ठरवून चालत नाही. नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली रीत इथे उपयोगी पडते: सीमा अशा जागी ठेवायची की दोन्ही ढीग आपापल्या आत जास्तीत जास्त एकजिनसी राहतील.

मुलांच्या पानावरचं एक छोटं कोडं उदाहरणाला घेऊ. टिंब म्हणजे पांढरं घर:

```
. . . # .
. # . . .
. . # . .
. . . # .
. # . . .
```

आकडे देण्याचा नियम असा. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे चालायचं. पांढऱ्या घराच्या डावीकडे काळं घर किंवा कड असेल आणि उजवीकडे पांढरं असेल, तर तिथे आडवा शब्द सुरू होतो. वर काळं किंवा कड आणि खाली पांढरं असेल, तर उभा. यापैकी काहीही सुरू होत असेल तर त्या घराला पुढचा आकडा द्यायचा. दोन्ही सुरू होत असले तरी आकडा एकच. पुढचं काळं घर किंवा कड येईपर्यंत जितकी घरं, तितकी लांबी.

```
आडवे: १ (३)  ४ (३)  ६ (२)  ८ (२)  ९ (३)  ११ (३)
उभे:  १ (५)  २ (२)  ३ (५)  ५ (२)  ७ (२)  १० (२)
```

पण त्या दिवशी मी आत्याला ही यादी पाठवली नव्हती. माझ्या यादीत आडवे १, ५, ७, ८, ९, ११ होते. दहा मिनिटांत तिचा फोन आला. "काहून रे, नातीने मला चार आडवा वाचून दाखवला. तुझ्या यादीत चार आडवा आहेच कुठे?"

चित्र मोठं करून बघितलं. ई-पेपरचं झूम करायचं गोल पांढरं बटण नेमकं दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या घरावर बसलं होतं. घर काळं, पण त्याच्या मध्यावर पांढरा गोल, म्हणून प्रोग्रॅमने ते पांढरं धरलं. त्यामुळे दुसऱ्या ओळीत तीनऐवजी पाच अक्षरांचा आडवा शब्द तयार झाला. पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरातून चार अक्षरांचा एक उभा शब्द निघाला आणि त्याने दोनचा आकडा पटकावला. मग पुढचे आकडे सरकत गेले.

मी फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. यादी पाठवण्याआधी शेवटचा आकडा जुळतो का, एवढंच मी बघत असे. तो जुळला होता! चुकीच्या जाळीत दोन नवे आकडे आले होते, पण आधीचे दोन गेलेही होते. त्यामुळे आठपासून अकरापर्यंत सगळे आकडे बरोबर आणि दोन ते सात चुकीचे. म्हणून शेवटचा आकडा जुळला याला काही अर्थ नाही. चित्रात ज्या घराच्या कोपऱ्यात खरोखर आकडा छापलेला आहे आणि नियमाने ज्या घराला आकडा मिळतो, ती दोन्ही घरं एकेक करून जुळली पाहिजेत. आकडा वाचताही यायला नको, कोपऱ्यात शाई आहे की नाही एवढं कळलं तरी पुरतं. इथे पहिल्या ओळीच्या दुसऱ्या घराचा कोपरा कोरा होता, चूक तिथेच पकडता आली असती.

आता मी मध्यासोबत प्रत्येक घराचे उरलेले तीन कोपरेही बघतो. बटण मध्य झाकतं, कोपरे सहसा झाकत नाही. मध्य पांढरा आणि कोपरे काळे असं दिसलं, की प्रोग्रॅम थांबून मला विचारतो. जाळी अर्धी फिरवून तशीच दिसते का, हीही एक तपासणी आहे आणि या कोड्यात ती चालली असती. मात्र सगळी मराठी कोडी अशी सममित नसतात, म्हणून तिच्यावर मी फार विसंबत नाही.

चार आडव्याचं सूत्र होतं, "संत्र्याच्या घरातलं, पण साल सहज न सुटणारं फळ". आत्याने सूत्र ऐकताक्षणी मोसंबी म्हटलं. घरं तीन, मो-सं-बी. उत्तर लांबीला बसतं का हे तपासायला मी प्रोग्रॅमला शब्द दिला, तर त्याने लांबी सहा सांगितली. संगणक काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतो: म, ो, स, ं, ब, ी. जोडाक्षरात आणखी घोळ होतो. 'संत्रा' हा शब्द दोन घरांचा, पण त्यात सहा चिन्हं आहेत. अक्षरांचे गट पाडणारी जुनी साधनं त्याचे तीन तुकडे करतात, सं, त् आणि रा. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तेव्हा साधन कोणत्या आवृत्तीचं आहे ते आधी बघावं लागतं. मी तपासणीला 'सीताबर्डी' देतो. चिन्हं नऊ, घरं चार, आणि रफार शेवटच्या घरात गेला पाहिजे: सी, ता, ब, र्डी.