मार्जिन आणि परतावा: परराज्यातील वितरकाला लिहिताना होणारा एक घोळ

कोल्ड-प्रेस्ड तेलाचा नवा ब्रँड काढलेला उत्पादक शेजारच्या राज्यातील वितरकांना जो पहिला ईमेल पाठवतो, त्यात एक वाक्य हमखास असते: "आम्ही वितरकांना भरघोस मार्जिन देतो." उत्तर येत नाही. मग उत्पादक असे धरून चालतो की मार्जिन कमी पडले असावे, आणि दोन टक्के वाढवून तोच ईमेल पुन्हा पाठवतो. उत्तर तरीही येत नाही, कारण वितरकाने मार्जिन मोजलेलेच नसते. त्याला मोजायचा असतो परतावा, आणि तो काढायला लागणारी माहिती ईमेलमध्ये कुठेच नसते.

मार्जिन काय असते हे या लेखाच्या वाचकाला माहीत आहे, त्यामुळे ते थोडक्यात उरकतो. एक लिटर शेंगदाणा तेलाची एमआरपी ४२० रुपये धरू. त्यात ५ टक्के जीएसटीचे २० रुपये आहेत, ते वजा केल्यावर ४०० उरतात. दुकानदार ६० रुपये ठेवून ती बाटली ३४० रुपयांना घेतो आणि वितरक ती तुमच्याकडून ३०६ रुपयांना घेतो. वितरकाचे ३४ रुपये हे त्याच्या विक्रीच्या १० टक्के आणि खरेदीच्या ११.१ टक्के झाले. काही जण यांतला मोठा आकडा मार्जिन म्हणून छापतात. वितरकाला हा फरक दोन सेकंदांत कळतो आणि पाठवणाऱ्याबद्दलचे त्याचे मत तेवढ्याच वेळात बनते. या मुद्द्यावर आणखी शब्द खर्च करण्याची गरज नाही.

परतावा, ज्याला वितरक आपसांत आरओआय म्हणतात, म्हणजे खर्च जाऊन उरलेला नफा भागिले त्या धंद्यात अडकलेली रक्कम. यातील "अडकलेली रक्कम" हा भाग नव्या उत्पादकाच्या नजरेतून निसटतो, कारण ती रक्कम त्याची नसते. वितरकाची मात्र ती असते, आणि त्याच रकमेत त्याला दुसऱ्या एखाद्या कंपनीचा माल भरता आला असता.

हिशेब मांडून पाहू. सर्व आकडे उदाहरणादाखल आहेत आणि सोपेपणासाठी जीएसटी वगळला आहे, कारण परराज्यातून माल घेताना भरलेल्या आयजीएसटीचे क्रेडिट वितरकाला मिळते. बारा बाटल्यांची एक पेटी आहे. खरेदी ३,६७२ रुपये, विक्री ४,०८० रुपये, पेटीमागे ४०८ रुपये सुटतात. तुमची अट अशी आहे की पहिली ऑर्डर किमान १०० पेट्यांची हवी आणि पैसे आगाऊ हवेत. दुकानांत महिन्याला २५ पेट्या खपतात. म्हणजे शंभर पेट्या संपायला चार महिने लागतील आणि त्या काळात गोदामात सरासरी ५० पेट्या पडून राहतील, ज्यांत १,८३,६०० रुपये अडकले. दुकानदार २१ दिवसांची उधारी घेतात, त्यामुळे महिन्याच्या १,०२,००० रुपयांच्या विक्रीपैकी ७१,४०० रुपये नेहमी बाजारात असतात. एकूण २,५५,००० रुपये झाले. महिन्याचा ढोबळ नफा १०,२०० रुपये. गाडी, माणूस आणि गोदाम यांचा खर्च विक्रीच्या ४ टक्के धरला तर ४,०८० रुपये गेले आणि ६,१२० रुपये उरले. महिन्याचा परतावा २.४ टक्के.

आता त्याच वितरकाकडे असलेल्या रिफाइंड तेलाकडे पाहा. समजा त्यावर मार्जिन जेमतेम अडीच टक्के आहे, पण महिन्याला दहा लाखांची विक्री होते, माल आणि उधारी मिळून दहा दिवसांचेच पैसे अडकतात, आणि मोठ्या प्रमाणामुळे खर्च विक्रीच्या १ टक्का पडतो. अडकलेले सुमारे ३,३३,००० रुपये, नफा १५,००० रुपये, परतावा साडेचार टक्के. चौपट मार्जिन देणारे तुमचे तेल जवळपास निम्म्याच परताव्याचे ठरले. "चार पट मार्जिन देऊनही हे लोक ऐकत नाहीत" ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. ते लोक गणित करत असतात.

आता मार्जिनला हात न लावता एकच अट बदलू. पहिली ऑर्डर १०० ऐवजी २५ पेट्यांची ठेवू आणि त्यानंतर महिन्याला तेवढाच माल पाठवू. थोडा राखीव साठा धरूनही गोदामात सरासरी १५ पेट्या राहतील, म्हणजे ५५,०८० रुपये. उधारीचे ७१,४०० तसेच. एकूण १,२६,४८० रुपये अडकले, नफा तोच ६,१२० रुपये, आणि परतावा ४.८ टक्के. तुमच्या खिशातून मार्जिनचा एक रुपयाही जास्त गेलेला नाही. हाच परतावा शंभर पेट्यांची अट ठेवून द्यायचा असेल, तर मार्जिन १० वरून साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास न्यावे लागेल. ईमेलमध्ये "भरघोस" लिहिण्यापेक्षा किमान ऑर्डर कमी करणे हे कितीतरी स्वस्त आमिष आहे, आणि तरीही बहुतेक ईमेलांत किमान ऑर्डरचा आकडाच दिलेला नसतो.

लहान ऑर्डरची किंमत मात्र कुठेतरी मोजावी लागते आणि परराज्याच्या बाबतीत ती भाड्यात दिसते. पंचवीस पेट्या म्हणजे ३०० लिटर, वजनाने सुमारे २७३ किलो तेल. त्यात बाटल्या आणि खोकी आली. एवढ्यासाठी पूर्ण गाडी करता येत नाही, माल पार्ट लोडने जातो आणि लिटरमागचे भाडे वाढते. ते लिटरला ६ रुपये पडले असे धरले, तर महिन्याला १,८०० रुपये होतात. भाव एक्स-फॅक्टरी असेल तर हे वितरकाच्या ६,१२० रुपयांतून जातात आणि त्याचा परतावा ४.८ वरून ३.४ टक्क्यांवर येतो. म्हणून दिलेला भाव गोदामपोच आहे की एक्स-फॅक्टरी, हे न लिहिता केवळ मार्जिनची टक्केवारी लिहिणे माझ्या मते लपवाछपवीच आहे, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो.

परताव्याला सर्वांत मोठे भोक पाडणारी गोष्ट मात्र परत येणारा माल ही आहे, आणि कोल्ड-प्रेस्ड तेलात तिची भीती खरी असते. हे तेल रिफाइंड नसते. तळाशी साका बसतो, थंडीत शेंगदाणा तेल गढूळ दिसते, आणि ज्या गिऱ्हाइकाला त्याची सवय नाही तो "तेल खराब आहे" म्हणून बाटली दुकानात परत आणतो. दुकानाच्या उन्हाच्या बाजूला ठेवलेल्या बाटलीला मुदतीआधीच खवट वास येऊ शकतो. शंभरातल्या चार पेट्या अशा परत आल्या आणि कंपनीने हात वर केले, तर १४,६८८ रुपये बुडाले, म्हणजे वितरकाचा दोन महिन्यांहून अधिकचा निव्वळ नफा गेला. अनुभवी वितरक म्हणूनच आधी "डॅमेज आणि एक्स्पायरी कोण घेणार?" असे विचारतो. जो ईमेल या प्रश्नाचे उत्तर न विचारता देतो, तो बाकीच्या ढिगाऱ्यातून वेगळा दिसतो. "कंपनी पूर्ण सहकार्य करेल" हे उत्तर नव्हे. किती दिवस आधी कळवायचे, माल परत नेण्याचे भाडे कोणाचे आणि पैसे रोख मिळणार की पुढच्या बिलात वजा होणार, हे लिहिले तरच ते उत्तर होते.

कागदपत्रांचा भाग लहान आहे, पण तो चुकला तर बाकी सारे व्यर्थ आहे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या उत्पादकाला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, त्यामुळे आधी नियमित नोंदणीत यावे आणि मगच ईमेल पाठवावा. जीएसटी क्रमांक आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक सहीखाली द्यावा. वरच्या उदाहरणातील २५ पेट्यांचे बिल करासह ९६,३९० रुपयांचे होते, म्हणजे ५० हजारांच्या वर, तेव्हा ई-वे बिलही लागेल.

या सगळ्याचा ईमेल साधारण असा होतो. तो वितरकाच्या भाषेत, इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवावा, मजकूर हाच.

"विषय: कोल्ड-प्रेस्ड शेंगदाणा तेल, हुबळी-धारवाडसाठी वितरक, पहिली ऑर्डर २५ पेट्या.

नमस्कार. आमचे शेंगदाणा तेल सध्या आमच्या जिल्ह्यात ४० दुकानांत आहे. त्यांपैकी २८ दुकानांनी गेल्या तीन महिन्यांत किमान दोनदा माल मागवला. हुबळी-धारवाडसाठी आम्हाला एक वितरक नेमायचा आहे. एक लिटर बाटलीची एमआरपी ४२० रुपये आहे. जीएसटी वगळून आपली खरेदी ३०६ रुपये, दुकानदाराला विक्री ३४० रुपये. हा भाव आपल्या गोदामपोच आहे. पैसे आगाऊ, माल पाच दिवसांत पोचेल. गळती झालेल्या बाटल्यांचे फोटो ४८ तासांत पाठवल्यास रक्कम पुढच्या बिलात वजा होईल. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी कळवलेला न खपलेला माल आम्ही आमच्या भाड्याने परत नेऊ. सोयीची वेळ कळवल्यास फोन करतो आणि नमुन्याच्या सहा बाटल्या पाठवतो."

या मजकुरात परताव्याची टक्केवारी मुद्दाम लिहिलेली नाही. महिन्याला २५ पेट्या खपतील हे गृहीतक तुमचे आहे, हुबळीच्या बाजाराने ते अजून सिद्ध केलेले नाही, आणि वितरकाची उधारी व खर्च त्याला तुमच्यापेक्षा नक्की ठाऊक आहेत. "महिना ४.८ टक्के परतावा" असे छापणारा उत्पादक पहिल्याच महिन्यात खोटा पडू शकतो. वितरकाला गणिताचे घटक द्यावेत, बेरीज तो करतो. "आजीच्या काळातील शुद्धता" यात कुठेच नाही हेही मुद्दामच. ते बाटलीच्या लेबलवर शोभते, तिथे वाचणारा तेल खाणारा असतो.

उत्तर आले की त्यातील पहिला प्रश्न पाहावा. "२५ ऐवजी १५ पेट्या चालतील का?" किंवा "दुकानदारांना उधारी दिली तर कंपनी काही दिवस थांबेल का?" असे विचारणाऱ्याने आकडे मांडून पाहिलेले असतात; त्याच्याशी त्याच दिवशी बोलावे. केवळ "मार्जिन वाढवा" असे लिहिणाऱ्याला, काही कबूल करण्याआधी, त्याच्या भागातील दुकानदार किती दिवसांची उधारी घेतात एवढे विचारावे. संपूर्ण राज्याची एकाधिकार वितरकी मागणाऱ्याला आधी एकच शहर आणि सहा महिन्यांची मुदत द्यावी, आणि महिन्याच्या किमान खरेदीचा आकडा त्याच पत्रात लिहून घ्यावा.